वेदना किती, आणि ती नोंदवली कधी?

2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. जुनाट दुखण्याच्या 80 रुग्णांना तीन आठवडे रोज तीनदा, सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री आठ वाजता, आपली वेदना नोंदवायला सांगितलं होतं. निम्म्यांच्या हातात कागदी वही होती, तर निम्म्यांच्या हातात वेळेला आवाज करणारं छोटं यंत्र. वहीच्या फाइलमध्ये मात्र प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवला होता. फाइल कधी उघडली आणि कधी मिटली, हे तो गुपचूप टिपत होता.

वहीवाल्यांनी लिहून दिलेल्या वेळा पाहिल्या तर नव्वद टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. सेन्सरच्या हिशेबानं, ठरल्या वेळेच्या आगेमागे पंधरा मिनिटांत प्रत्यक्ष झालेल्या नोंदी होत्या 11 टक्के. सुमारे एकतृतीयांश दिवशी तर फाइल उघडलीच नव्हती, तरी त्या दिवसांची पानं भरलेली होती. यंत्रवाल्यांनी 94 टक्के नोंदी वेळेत केल्या होत्या. आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या प्रयोगानंतर, रुग्णानं स्वतः लिहिलेल्या वेळेवर भिस्त ठेवणं अवघड झालं.

नंतर आठवून लिहिलं तर बिघडतं काय? बिघडतं, कारण आठवण सरासरी काढत नाही. वेदनेचा सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा काही काळ, यांचा ठसा आठवणीवर जास्त उमटतो, हे डॅनियल कानेमन आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी नव्वदच्या दशकात कोलोनोस्कोपीच्या रुग्णांवर दाखवलं होतं. रात्री एकदम भरलेल्या तिन्ही आकड्यांत त्यामुळे रात्रीचंच दुखणं जास्त मिसळतं.

त्या काळी यासाठी खास यंत्रं लागत. आज मोबाइल, एक फॉर्म आणि एक शीट एवढ्यावर हे काम होतं. फक्त मांडणी विचारपूर्वक करावी लागते.

समजा, एका फिजिओथेरपिस्टला गुडघेदुखीच्या 12 रुग्णांचा 14 दिवस मागोवा घ्यायचा आहे. रोज तीन वेळा एकच प्रश्न विचारायचा: ‘आत्ता गुडघा किती दुखतोय, 0 ते 10?’ म्हणजे एकूण 504 प्रश्न. गूगल फॉर्ममध्ये हा प्रश्न आणि त्याच्याआधी ‘प्रश्नक्रमांक’ नावाचा रकाना ठेवायचा. फॉर्म शीटला जोडला की प्रत्येक उत्तर नव्या ओळीत जाऊन बसतं आणि पहिल्या रकान्यात ते सबमिट झाल्याची वेळ आपोआप पडते. ही वेळ रुग्णाच्या हातात नसते, आणि सगळी किंमत तिचीच आहे.

पण उत्तरांची शीट पुरेशी नाही. तिच्यात फक्त उत्तर देणारे दिसतात. न आलेल्या उत्तराची ओळ तिथे तयारच होत नाही. म्हणून सुरुवातीलाच दुसरा टॅब करायचा, ‘वेळापत्रक’. त्यात 504 ओळी आधीच भरायच्या: प्रश्नक्रमांक, रुग्णाचा कोड, ठरलेली वेळ, आणि ‘पाठवल्याची वेळ’ हा रिकामा रकाना. `R07-05-2` म्हणजे सातव्या रुग्णाचा पाचव्या दिवसाचा दुसरा प्रश्न. नाव आणि ईमेल यांची यादी वेगळ्या, बंदिस्त शीटमध्ये.

पाठवण्याचं काम शीटच्या ॲप्स स्क्रिप्टकडे द्यायचं. इथे एक खाचखळगा आहे. रोज सकाळी दहाचा ट्रिगर लावला, तर तो दहा ते अकराच्या मधल्या, सिस्टिमनं निवडलेल्या एखाद्या मिनिटाला चालतो. त्यापेक्षा दर पाच मिनिटांनी चालणारा ट्रिगर बरा. प्रत्येक वेळी तो वेळापत्रक चाळतो; वेळ होऊन गेलेली आणि ‘पाठवल्याची वेळ’ रिकामी असलेली ओळ दिसली की ईमेल धाडतो आणि घड्याळ पाहून तो रकाना भरतो. काही कारणानं अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला असेल, तर प्रश्न न पाठवता ‘चुकला’ असं लिहितो. शिळा प्रश्न पाठवण्यापेक्षा रिकामी जागा परवडते. दिवसाला 36 ईमेल जातात. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला 100 जणांना पाठवता येतात.

ईमेलमध्ये जाणारी लिंक साधी नसते. फॉर्मच्या मेनूतून आधीच भरलेली लिंक मिळते. तिच्यातला `entry` नंतरचा आकडा प्रश्नक्रमांकाच्या रकान्याचा असतो, आणि त्यापुढे क्रमांक जोडायचा:

```
const link = FORM_URL + '?usp=pp_url&entry.1234567=' + id;
MailApp.sendEmail(email, 'आत्ता गुडघा किती दुखतोय?', link);
```

रुग्णानं लिंक उघडली की क्रमांक भरलेलाच असतो. त्यानं फक्त आकडा निवडायचा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये `Limit to 1 response` मात्र चालू ठेवू नये, नाहीतर प्रत्येकाला चौदा दिवसांत मिळून एकदाच उत्तर देता येईल.

आता क्रमांकावरून दोन्ही टॅब जुळवायचे आणि पाठवल्याची वेळ B मध्ये, उत्तराची C मध्ये घेऊन `=(C2-B2)*1440` लिहायचं, की मिनिटांतलं अंतर मिळतं. एखाद्या ओळीत 10:04 ला प्रश्न, 10:11 ला उत्तर, वेदना 6. ही ओळ चोख. दुसऱ्या रुग्णाच्या मात्र तिन्ही उत्तरांच्या वेळा 20:41, 20:41 आणि 20:42. म्हणजे सकाळची आणि दुपारची लिंक त्यानं रात्री उघडली. जुन्या वहीत हे तीन आकडे निर्धास्तपणे तीन वेळांना बसले असते. इथे पहिली दोन अंतरं सुमारे साडेदहा आणि साडेचार तासांची निघतात आणि त्या ओळी बाजूला काढता येतात. किती मिनिटांपर्यंतचं उत्तर ग्राह्य धरायचं, हे आकडे पाहण्याआधी ठरवावं. तीस मिनिटं मला रास्त वाटतात. एकाच क्रमांकाची दोन उत्तरं आली तर पहिलं धरावं.

कधी सगळीच अंतरं उणे येतात, म्हणजे प्रश्नाआधी उत्तर! तेव्हा शीटच्या सेटिंगमधला टाइमझोन पाहावा. तो न्यूयॉर्कचा राहिला असेल, तर उन्हाळ्यात आपलं सकाळी दहाचं उत्तर तिथे मध्यरात्री साडेबाराचं दिसतं. स्क्रिप्टचा टाइमझोन वेगळा ठरवावा लागतो. दोन्ही भारताचे हवेत.

या पद्धतीची एक मर्यादा कुठल्याही सूत्रानं जात नाही. वेळेवर आलेलं उत्तर त्या क्षणाचं असतं, पण न आलेलं उत्तर कोणत्या क्षणाचं होतं? जिना चढताना गुडघ्यात कळ आली की माणूस कठडा धरतो, मोबाइल काढत नाही. मग नेमके वाईट क्षण निसटतात आणि सरासरी खऱ्यापेक्षा सौम्य दिसते. म्हणून वेदनेच्या सरासरीआधी वेळापत्रकातल्या ओळींवरून प्रत्येक रुग्णाचं आणि प्रत्येक वेळेचं उत्तरांचं प्रमाण काढावं. सकाळी दहाला बारापैकी अकरा आणि दुपारी चारला पाचच जण उत्तर देत असतील, तर चारच्या सरासरीची दहाशी तुलना करू नये. त्या सात जणांना फोन करून विचारावं. कुणी तेव्हा शेतात असेल, कुणी बसमध्ये, कुणी झोपलेलं. वेळ पुढे ढकलायची ठरली, तर वेळापत्रकात फक्त उरलेल्या ओळी बदलाव्यात, आणि कोणत्या दिवसापासून बदल केला ते शेजारच्या रकान्यात तारखेसह लिहावं.