परदेशात डॉक्टरांना काय सांगाल? भाग ५ : चक्कर

मागच्या आठवड्यात छातीतल्या दुखण्याविषयी लिहिले. आता चक्कर.

निपाणीतला पेशंट कोल्हापूरला जावो, मिरजेला जावो की बेळगावला, ‘चक्कर येते’ म्हटले की पुढचे डॉक्टरच मराठीत विचारून घेतात. बेळगावात कानडी डॉक्टर भेटले, तर ‘तले सुत्तु’ म्हणून तेही समजून घेतात. लंडनला मुलाकडे गेलेल्या आईचे मात्र अडते. मुलगा डॉक्टरांना ‘शी फील्स डिझी’ एवढेच सांगतो आणि निदानाला लागणारे सगळे त्यातून गळून जाते. ‘डिझी’मध्ये गरगरणेही येते, डोळ्यांपुढची अंधारीही येते आणि तोल जाणेही. तिन्हींची कारणे मात्र वेगवेगळी असू शकतात.

समजा, या आईला पहाटे कुशीवर वळताना खोली फिरल्यासारखी वाटते, मळमळते आणि अर्ध्या मिनिटात सगळे थांबते. मग सांगायचे : ‘द रूम स्पिन्स व्हेन आय टर्न ओव्हर इन बेड. इट लास्ट्स हाफ अ मिनिट.’ एवढ्यावरून डॉक्टरांचा संशय आतल्या कानातल्या सुट्या झालेल्या बारीक खड्यांकडे वळतो. ते मान वळवून पटकन आडवे करतात आणि डोळ्यांची हालचाल पाहतात. निदान पक्के झाले, तर डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे जागेवर आणतात. याला ‘एपली’ची पद्धत म्हणतात. बहुतेकांना तेवढ्याने बरे वाटते, पण त्रास पुन्हा उद्भवू शकतो.

तीच आई अंथरुणातून उठून उभी राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, कानडीत ‘कण्णिगे कत्तले’ म्हणतात तसे, असे सांगत असेल, तर वाक्य बदलते : ‘आय नियरली फेंट व्हेन आय स्टँड अप.’ इथे डॉक्टर झोपवून आणि उभे करून रक्तदाब मोजतील. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त उतरला, तर औषधे तपासतील. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांचे मूळ औषधनाव आणि मात्रा लिहून न्या. आपल्याकडचे कंपनीचे नाव तिथे कुणाला ओळखू येईलच असे नाही.

चालताना पाय भरकटत असतील आणि बसल्यावर बरे वाटत असेल, तर ‘आय फील अनस्टेडी ऑन माय फीट’ म्हणा.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा मोफत मिळतो, पण अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा. कुशीवर वळताना की उभे राहताना, हा फरक मुलाने गाळला तरी दुभाषाने गाळू नये, अशी अपेक्षा असते.

चक्कर अचानक येऊन तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले किंवा उभेच राहता येईना, तर शब्द शोधत बसू नका. ब्रिटनमध्ये ९९९ फिरवा, ‘स्ट्रोक’ म्हणा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा.