पहिले पान आधी: मोठी पीडीएफ वेबवर झटकन उघडते कशी

पीडीएफ फाइलचे वाचन तिच्या शेवटापासून सुरू होते. पाने, चित्रे, फॉन्ट हे सारे फाइलमध्ये सुटे सुटे घटक म्हणून साठवलेले असतात आणि कोणता घटक कितव्या बाइटवर सुरू होतो याची यादी अगदी शेवटी असते. या रचनेमागे कारण आहे. फाइलमध्ये दुरुस्ती केली की नवे घटक आणि नवी यादी तळाशी जोडली म्हणजे काम भागते, मागचे काहीच पुन्हा लिहावे लागत नाही. फाइल स्वतःच्याच संगणकावर असेल तर शेवटापर्यंत उडी मारायला वेळ लागत नाही. ती दूरच्या सर्व्हरवरून ओळीने येत असेल, तेव्हा मात्र पहिल्या पानाचे सगळे बाइट येऊनही वाचकापुढे पडदा कोराच राहतो, कारण ते पान कुठे आहे हे सांगणारी यादी अजून वाटेत असते.

हा वेळ किती, ते हिशेबाने पाहता येते. समजा, एका जुन्या मराठी ग्रंथाची ३०० पाने स्कॅन करून ९० एमबीची एक पीडीएफ केली. म्हणजे पानामागे सरासरी ३०० केबी. सेकंदाला ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर पूर्ण फाइल उतरायला सुमारे तीन मिनिटे लागतील. एकच पान आणायला एक सेकंदही लागणार नाही. ग्रंथातला एखादाच संदर्भ तपासू पाहणाऱ्याला बाकीच्या २९९ पानांची गरजही नसते.

यावरचा उपाय म्हणजे लिनिअरायझेशन. १९९६ साली ॲक्रोबॅट ३.० बरोबर आलेल्या पीडीएफ १.२ मध्ये त्याची सोय झाली. ॲक्रोबॅटमध्ये तोच गुण Fast Web View या नावाने दिसतो. यात पानांचा मजकूर किंवा चित्रांचा दर्जा बदलत नाही, बदलतो तो फक्त घटकांचा क्रम. पहिल्या पानाला लागणारे सगळे घटक आणि त्यांची छोटी यादी फाइलच्या सुरुवातीला येते. त्यामागून उरलेली पाने ओळीने लावली जातात. फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत एक नोंद ठेवलेली असते. आपल्या ग्रंथाच्या बाबतीत ती साधारण अशी दिसेल:

```
901 0 obj
<< /Linearized 1 /L 90018500 /H [ 1000 1400 ]
   /O 905 /E 305000 /N 300 /T 90000320 >>
endobj
```

यातला /L हा आकडा म्हणजे फाइलची एकूण लांबी, /N म्हणजे पानांची संख्या आणि /E म्हणजे पहिल्या पानाचा मजकूर जिथे संपतो तो बाइट. वाचनप्रणालीला एवढ्यावरून कळते की पहिले ३,०५,००० बाइट हाती आले की पहिले पान दाखवता येईल. /H हा आकडा एका सूचक तक्त्याकडे नेतो. त्यात प्रत्येक पानाची लांबी आणि अनेक पानांना सामाईक असलेले घटक नोंदलेले असतात. वाचकाने एकदम पान २१० मागितले, तर तक्त्यावरून त्या पानाची जागा काढून तेवढाच तुकडा मागवता येतो.

तुकडा मागवता येण्यासाठी मात्र सर्व्हरची तयारी लागते, आणि फाइल उत्तम असूनही काम अडते ते बहुतेक वेळा इथेच. ब्राउझर ‘अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत द्या’ अशी मागणी करतो. सर्व्हरला हे जमत असेल तर तो 206 या सांकेतिक क्रमांकासह तेवढाच भाग पाठवतो. जमत नसेल तर 200 म्हणतो आणि पहिल्यापासून पूर्ण फाइल पाठवू लागतो. साध्या वेबसर्व्हरवर ठेवलेल्या फाइलसाठी ही सोय सहसा असतेच. पण लॉगिन तपासून किंवा डाउनलोडची संख्या मोजून एखादी स्क्रिप्ट फाइल पुढे सरकवत असेल, तर तुकड्याची मागणी पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. सर्व्हर पीडीएफवर वरून gzip चढवत असेल तरीही घोटाळा होतो. फायरफॉक्समधली PDF.js ही वाचनप्रणाली अशा वेळी तुकडे मागण्याचा नाद सोडून देते. पीडीएफमधली चित्रे आधीच आवळलेली असल्यामुळे त्या gzipचा फायदाही नगण्य असतो. तो पीडीएफपुरता बंद ठेवणेच शहाणपणाचे. सर्व्हरची परीक्षा एका आज्ञेने होते:

```
curl -r 0-1023 -D - -o tukda.bin https://example.org/granth-web.pdf
```

उत्तराच्या पहिल्या ओळीत 206 दिसले आणि tukda.bin ही फाइल १०२४ बाइटांची निघाली, तर सर्व्हर ठीक आहे.

फाइल तयार करण्याचे काम qpdf या मोफत साधनाने होते. मूळ आणि नव्या फाइलची नावे वेगळी ठेवावीत.

```
qpdf --linearize granth.pdf granth-web.pdf
qpdf --check-linearization granth-web.pdf
```

दुसरी आज्ञा रचना नीट बसली की नाही ते तपासते. ॲक्रोबॅटमध्ये फाइलच्या Properties खिडकीत Fast Web View पुढे Yes दिसले पाहिजे. pdfinfo या छोट्या साधनात हीच खूण Optimized या ओळीत मिळते.

ही खूण पुढे पुसलीही जाऊ शकते. ग्रंथ लिनिअराइज झाल्यावर कोणी त्यात बुकमार्क घातले आणि नुसते Save केले, तर बदल फाइलच्या तळाशी जोडले जातात. फाइलची लांबी वाढते, पण /L मध्ये जुनाच आकडा राहतो. दोन्ही जुळत नाहीत असे दिसताच वाचनप्रणाली ती नोंद अविश्वसनीय मानते आणि फाइल साध्या पीडीएफसारखी वाचते. म्हणून ओसीआर, बुकमार्क, शीर्षकाची माहिती ही सगळी कामे आधी उरकावीत आणि लिनिअरायझेशन सर्वांत शेवटी, सर्व्हरवर चढवण्याच्या लगेच आधी करावे.

एक गैरसमज मात्र वारंवार आढळतो. लिनिअरायझेशनने फाइल लहान होत नाही, सूचक तक्त्यामुळे उलट किंचित वाढतेच. पहिले पान म्हणजे ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलेले १५ एमबीचे मुखपृष्ठ असेल, तर आपल्या जोडणीवर ते एकटेच अर्धा मिनिट घेईल. अशा फाइलमध्ये आधी चित्रांचे रिझोल्यूशन कमी करावे लागते. एकाच पानाच्या नकाशाला किंवा भित्तिपत्रकालाही या पुनर्रचनेने फारसे काही मिळत नाही, कारण तिथे मागे ठेवण्यासारखे दुसरे पानच नसते.

उलट बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. सर्व्हर तुकडे देत असेल तर लिनिअराइज न केलेली फाइलसुद्धा आजच्या ब्राउझरांत पूर्ण उतरण्याआधी उघडते. वाचनप्रणाली आधी शेवटचा तुकडा मागवते, त्यातली यादी वाचते आणि मग हवे ते पान आणते. या जास्तीच्या फेऱ्या चांगल्या जोडणीवर जाणवत नाहीत, पण प्रत्येक मागणीला उत्तर यायला उशीर लागणाऱ्या मोबाइल जोडणीवर नक्की जाणवतात.

डिजिटल सही असलेल्या फाइलला तर याच मार्गावर भागवावे लागते. सही फाइलमधल्या ठरावीक बाइटांवर केलेली असते. नंतर घटकांचा क्रम बदलला तर सही अवैध ठरते. आधी लिनिअराइज करून मग सही केली, तर सहीही बहुधा तळाशीच जोडली जाते आणि /L चा आकडा पुन्हा चुकतो. सही केलेले आदेश किंवा प्रमाणपत्रे वेबवर ठेवताना फाइलला हात न लावता सर्व्हर 206 देतो की नाही, एवढेच पाहावे.