नापास झाल्यावर मुलांनी स्वतःला काय सांगावं?

निकाल हाती आला की घरातलं मूल सगळ्यात आधी स्वतःलाच बोल लावतं. ‘मी ढ आहे, माझ्याने होणार नाही.’ आपल्यापैकी अनेकांना वाटतं, बरं झालं, मनाला लागलं म्हणजे आता अभ्यास करेल. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे पाहतो ते मात्र उलट असतं. असं मूल पुस्तकापासून लांब पळतं.

कारण सरळ आहे. ‘मी ढ आहे’ हा फैसला झाला की चुकलेला पेपर त्याचा पुरावा ठरतो. आपल्याविरुद्धचा पुरावा कोण पुन्हा पुन्हा पाहील?

2012 साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी विद्यार्थ्यांना शब्दांची एक अवघड चाचणी दिली. नंतर एका गटाला सांगितलं, ‘चाचणी जड गेली असेल तर तुम्ही एकटे नाही, अनेकांना जाते; स्वतःवर फार कठोर होऊ नका.’ दुसऱ्या गटाला सांगितलं, ‘इथे प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच आहात.’ तिसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या चाचणीआधी हवा तितका वेळ अभ्यासाची मुभा होती. सर्वात जास्त वेळ अभ्यास पहिल्या गटाने केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तारीफ करणं वेगळं आणि स्वतःशी नरमाईने वागणं वेगळं. ‘तू हुशार आहेस’ म्हटलं की हुशारी सांभाळावी लागते. ‘चूक झाली, ती सगळ्यांकडून होते’ म्हटलं की चुकीकडे पाहता येतं.

समजा, दहावीच्या एका मुलीला गणितात 28 गुण मिळाले. पास व्हायला 35 लागतात. ‘मला गणित येत नाही’ असं म्हणून ती बसली तर पुढचं पाऊलच नाही. पण ‘वाईट वाटतंय, पण असं होणारी मी एकटी नाही, नेमकं कुठे चुकलं ते बघू’ असं म्हणून तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, तर दिसेल: वर्गसमीकरणात चिन्हं चुकून 4 गुण गेले, सांख्यिकीचा 4 गुणांचा प्रश्न वेळेअभावी सुटला. म्हणजे कमी पडलेले 7 गुण याच दोन जागी होते. आता पुरवणी परीक्षेपर्यंत रोज दहा वर्गसमीकरणं आणि घड्याळ लावून एक सांख्यिकीचं उदाहरण, एवढंच काम ठरतं.

‘मग मुलं सुस्तावतील ना?’ असं अम्मी-अब्बू विचारतात. ही भीती अगदीच खोटी नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे. ‘जाऊ दे, पेपरच कठीण होता’ म्हणून वही मिटली, तर ती पळवाट. नरम बोलल्यावर वही उघडली आणि चुकीवर बोट ठेवलं गेलं, तर नरमाईने आपलं काम केलं.

मूल आठवडाभर जेवत-झोपत नसेल किंवा जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, तर समजावत बसू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावं.