लग्न नेमकं केव्हा लागतं? नरखेडच्या मांडवातला पाहुणा

नरखेड तालुक्याची हद्द मध्य प्रदेशाला भिडलेली. नागपूर-इटारसी लोहमार्गावर नरखेडच्या पुढे पांढुर्णा, की राज्य बदललं. त्यामुळे इकडच्या मांडवात इटारसी-भोपाळकडचे हिंदी भाषक पाहुणे असतातच. त्यांची पंचाईत एकाच ठिकाणी होते. ते फेऱ्यांची वाट पाहत बसतात आणि इकडे पंगत उठूनही जाते.

अशा पाहुण्याला आधी अंतरपाट दाखवावा. नवरा-नवरी समोरासमोर उभे, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं कापड, दोन्ही टोकं दुसऱ्या दोघा जणांनी धरलेली. मुहूर्ताची घटका येईपर्यंत नवरा-नवरीनं एकमेकांना पाहायचं नाही, एवढंच त्या कापडाचं काम. पूर्वी ही घटका पाण्यावर सोडलेल्या, बुडाला भोक असलेल्या वाटीवर मोजत. वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. आता घड्याळ आहे, तरी मुहूर्ताची ओढ तीच.

मग मंगलाष्टकं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ आलं की हातातल्या अक्षता टाकायच्या. कुंकवात रंगवलेले हे अख्खे तांदूळ. तुटका दाणा चालत नाही. खेड्यांत बरेचदा रंगवलेली ज्वारी असते, आणि मला तीच इथल्या मातीला शोभणारी वाटते. पाहुण्याला सांगावं, चिमूटभरच घ्या, जोरात मारू नका. लांबून भिरकावलेला दाणा डोळ्यात जातो. शेवटच्या कडव्याला अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो, वाजंत्री वाजते, हार पडतात. इथे मांडवातला प्रत्येक जण म्हणतो, ‘लग्न लागलं.’ आणि जेवायला वळतो.

खरं तर पाहुण्यानं इथेच थांबायला हवं. होमापाशी आता मोजकीच माणसं उरलेली असतात. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो, त्या अग्नीत जातात, अग्नीला प्रदक्षिणा होतात. पाहुणा यांनाच फेरे समजतो, पण सप्तपदी निराळी. तांदळाच्या सात लहान राशी ओळीनं मांडतात आणि नवरी उजवं पाऊल पुढे टाकत एकेक रास ओलांडते, नवरा सोबत. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग धन, सुख, संतती, ऋतू, सातवं सख्यासाठी. सातव्या पावलावर नवरा तिला मैत्रीण म्हणतो, हे मला साऱ्या विधीतलं सर्वांत मोठं वचन वाटतं.

1955च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7ही इथेच बोट ठेवतं. ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे, त्यांचं लग्न सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण होतं. ज्यांची रीत वेगळी, त्यांना त्यांची रीत लागू. म्हणून फोटोवाल्याला अक्षतांनंतर सोडू नये. पुढे कधी पुरावा लागला, तर हारांच्या फोटोंपेक्षा या सात पावलांचा फोटो जास्त कामाला येतो.