स्वल्पविरामांचे वजन

जून संपता संपता हातात अभ्यासक्रमाचा कागद पडतो. बी.ए.च्या इतिहासाच्या पेपरात 'एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील समाजसुधारणा' असा विषय असला, तर मजकूर साधारण असा असतो: 'घटक १: नवशिक्षण व वृत्तपत्रे, बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी. घटक २: परमहंस सभा, प्रार्थना समाज, न्या. रानडे. घटक ३: महात्मा फुले व सत्यशोधक समाज. घटक ४: स्त्रियांचे लेखन, आगरकर-टिळक वाद, संमतिवयाचा कायदा.' प्रत्येक घटकापुढे '१५ तासिका'. चार क्रेडिटचा पेपर, एका क्रेडिटला १५ तास, एकूण ६०. हिशेब चोख. (तासिका ४८ मिनिटांची असते ते सोडून द्या.)

हा परिच्छेद नामांचा आहे आणि वेळापत्रक दिवसांचे असते. परिच्छेदात दोन स्वल्पविरामांमधली प्रत्येक गोष्ट दुसरीच्या तोलाची दिसते. चौथ्या घटकातल्या 'आगरकर-टिळक' मधली ती छोटी आडवी रेघ पाहा. ती शिकवायची तर १८८४ची मलबारींची टिपणे आली, त्याच साली सुरू झालेला रखमाबाईंवरचा खटला आला, १८८८चा 'सुधारक' आला, 'केसरी'तला विरोध आला आणि मग संमतिवय दहावरून बारावर नेणारा १८९१चा कायदा. बोटभर रेघेला सहा-सात तासिका लागतात. उलट 'परमहंस सभा' दीड तासिकेत नीट होते, कारण सभा गुप्त होती आणि वर्गात वाचायला देता येईल असे फारसे काही हाती नाही.

म्हणून मी आधी विषय बाजूला ठेवून कॅलेंडर घेतो. उदाहरण २०२५च्या पहिल्या सत्राचे, मुंबईतल्या कॉलेजचे. ७ जुलैचा सोमवार ते दिवाळीच्या तोंडावरचा १६ ऑक्टोबर, असे १५ आठवडे. माझ्या तासिका सोमवार ते गुरुवार, रोज एक. तारखा हाताने टाइप करू नयेत, कुठेतरी एक दिवस चुकतो आणि खालचे सगळे सरकते. पहिल्या चौकटीत ७ जुलै लिहावे आणि तिच्या खाली:

```
=A2+7
```

हेच खाली ओढत न्यावे. आता वजाबाकी. गणपतीची सुट्टी: २७ आणि २८ ऑगस्ट, १ आणि २ सप्टेंबर, चार तासिका गेल्या. अंतर्गत चाचणीचा एक आठवडा, आणखी चार. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच गुरुवारी, एक. उरल्या ५१. त्यातल्या तीन राखीव म्हणून कोऱ्या सोडायच्या. विषय बसवायचा तो ४८ तासिकांत.

इथे बरेच जण ४८ला चारने भागून मोकळे होतात. मी भागत नाही. विद्यार्थ्यांनी मूळ मजकूर जिथे वाचायला हवा तिथे तासिका जास्त द्यायच्या, असा माझा हिशेब. पहिल्या घटकाला ९, दुसऱ्याला ८, फुल्यांना १४, चौथ्याला १७: त्यात ताराबाई शिंदे ४, पंडिता रमाबाई ५, आगरकर-टिळक आणि कायदा मिळून ८. प्रश्नपत्रिका घटकवार समान गुणांची असली तरी हे चालते. पहिल्या दोन घटकांतली बरीच माहिती मुले पुस्तकातून स्वतः उचलू शकतात, 'गुलामगिरी'तला धोंडिबा आणि जोतिरावांचा संवाद मात्र वर्गात मोठ्याने वाचल्याशिवाय उलगडत नाही.

वाचनाचा रकाना हा या सगळ्यातला खरा अवघड भाग. 'वाचन: लोकहितवादींची शतपत्रे' असे लिहून काहीच ठरत नाही. नावात शंभर असली तरी ती पत्रे १०८ आहेत, आणि ती सगळी एका आठवड्यात कोणी वाचणार नाही. कोणती तीन पत्रे, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, हे रकान्यात असले पाहिजे. मी एकदा वर्गात 'गुलामगिरी'ची पाने वाटली आणि वीस मिनिटांनी जिथे पोचलात तिथे खूण करा म्हणालो. जुन्या मराठीच्या वळणाला अडखळत बहुतेक जण पाच-सहा पानांपुढे गेले नव्हते. तेव्हापासून आठवड्याला वीस-पंचवीस पानांवर मी जात नाही. आणि वाचन ज्या आठवड्यात लिहिले असेल, त्या आठवड्याच्या सोमवारी वाचून यायचे, शुक्रवारपर्यंत वाचायचे नव्हे. रकान्याच्या डोक्यावर 'वाचून येणे' असे लिहिले की हा घोळ मिटतो.

तक्त्याच्या मधल्या चार ओळी अशा झाल्या:

| आठवडा | तासिका | विषय | वाचून येणे |
|---|---|---|---|
| २५ ऑगस्ट | २ | सत्यशोधक समाज: स्थापना व काम | नवे काही नाही |
| १ सप्टेंबर | २ | 'शेतकऱ्याचा असूड': ओळख | नवे काही नाही |
| ८ सप्टेंबर | ४ | 'असूड' (३), ताराबाई व विजयालक्ष्मी खटला (१) | 'असूड', प्रकरण ४ |
| १५ सप्टेंबर | ४ | 'स्त्री-पुरुष तुलना' (३), रमाबाईंची सुरुवात (१) | 'तुलना', पहिला अर्धा भाग |

'नवे काही नाही' हे मुद्दाम लिहिले आहे. सुट्टी आहे, वाचतील, या आशेने गणपतीत जाड मजकूर देणाऱ्याने कोकणात जाणारी गाडी पाहिलेली नसावी.

फुल्यांच्या लगेच मागे ताराबाई का, हेही या तक्त्यातच सुचले. परिच्छेदात त्या वेगळ्या घटकात आहेत. पण वर्षे शेजारी मांडली की दिसते: 'तुलना' १८८२ची, 'असूड' १८८३चा, आणि ताराबाईंवर टीका झाली तेव्हा फुल्यांनी १८८५मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. मग 'सत्सार'ची ती दोन-तीन पाने 'तुलने'च्या शेवटच्या तासिकेला वर्गातच वाचता येतात. फुल्यांचा घटक तिथे संपण्याऐवजी पुढच्यात शिरतो. घटकांच्या भिंती अशा ओलांडता येतात, एका अटीवर: चाचणीत जो घटक विचारायचा तो चाचणीपूर्वी पुरा झालेला हवा. म्हणून १८ ऑगस्टच्या चाचणीला मी पहिले दोनच घटक ठेवले होते.

राखीव तासिकांचे काय झाले तेही सांगतो. १९ ऑगस्टला मुंबईत पावसाने शाळा-कॉलेजे बंद राहिली. मंगळवारचा पेपर पुढे गेला आणि एक राखीव तासिका त्यात खपली. सप्टेंबरात अनंत चतुर्दशी शनिवारी ६ तारखेला आली म्हणून मुंबईत ईदची सुट्टी शुक्रवारऐवजी सोमवारी, ८ तारखेला दिली गेली. शुक्रवारी माझी तासिका नव्हतीच, सोमवारी होती. दुसरी राखीव गेली. तक्ता जुलैत छापला तेव्हा यातले काही कोणाला माहीत असणे शक्य नव्हते.

तक्ता बिघडतोय हे ओळखायची माझी खूण साधी आहे. आठव्या आठवड्याच्या ओळीवर बोट ठेवायचे आणि वर्गात प्रत्यक्ष कुठे आहोत ते पाहायचे. फरक दोन तासिकांचा असला तर राखीव आहेत. चारचा असला तर बोलण्याचा वेग वाढवून उपयोग नसतो, विषय कापावा लागतो. आणि तो मागचा, नजरेसमोरचा कापावा. शेवटचा कापला की दर वर्षी रमाबाई आणि रखमाबाईच कापल्या जातात, कारण परिच्छेदात त्यांना तळाशी बसवलेले असते. त्या सत्रात मी दोनच तासिका मागे होतो, तरी प्रार्थना समाजाच्या उपासनापद्धतीवरचे अर्धवट राहिलेले टिपण तसेच सोडून दिले.

तिसरी राखीव तासिका १६ ऑक्टोबरपर्यंत तशीच उरली होती. त्या गुरुवारी वर्गात नऊ जण होते, बाकीच्यांची दिवाळी सुरू झाली होती.