निरोपाचे भाषण आणि अर्धवट राहिलेले छंद

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८व्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. त्या संध्याकाळच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ होते, सहकारी चार चांगले शब्द बोलतात आणि सत्कारमूर्तीचे भाषण सगळ्यांत शेवटी येते. तोवर निम्म्या सभागृहाची नजर घड्याळावर असते. अशा वेळी जेमतेम सात-आठ मिनिटे मिळतात. त्यांत आभार मानून झाल्यावर ‘तुमचा छंद नुसता छंद ठेवू नका, त्यातून काहीतरी पुरे करा’ असे सांगायचे असेल, तर ते कसे सांगितले जाते यावर बरेच अवलंबून असते.

‘छंद जोपासा’ हे वाक्य प्रत्येक निरोप समारंभात कानावर पडते आणि चहासोबत विरून जाते, कारण त्यात करण्याजोगे काही नसते. छंद आणि प्रकल्प यांतला फरक आवडीच्या तीव्रतेचा नाही. प्रकल्पाला हद्द असते, तो कुणाच्या तरी हाती द्यायचा असतो आणि त्याचा पहिला तुकडा कधी पुरा होणार हे ठरलेले असते. ‘जुन्या बारवा पाहायला आवडतात’ हा छंद झाला. ‘आपल्या तालुक्यातल्या बारवांची नोंद करायची, पहिल्या पाचांची दिवाळीपर्यंत’ असे म्हटले की कामाला आकार येतो. मग प्रत्येक बारवेचे गाव आणि ठिकाण, लांबी-रुंदी, पायऱ्यांची संख्या, शिलालेख असल्यास त्याचे छायाचित्र, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते याबद्दल गावकऱ्यांचे म्हणणे, असे वहीचे रकानेही आपोआप ठरतात. रकाने ठरले की वही मध्येच सोडली तरी कुठे सोडली ते कळते, आणि दुसऱ्या कुणाला ती पुढे चालवता येते.

उदाहरण द्यायचे तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे देता येईल. नाशिकजवळ देवळालीला ते शाळामास्तर होते आणि १९६२ साली निवृत्त झाले. त्यांच्याकडे गणितातली पदव्युत्तर पदवी नव्हती. पण नोकरीच्या काळातच त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला आणि १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत तो मांडला. भाषणात हे सांगण्यापेक्षा श्रोत्यांकडून करवून घेणे चांगले. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केले की ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत प्रत्येक जण याच संख्येवर येतो. निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर ही वजाबाकी चालू झाली की घड्याळाकडे कोणी पाहत नाही. मात्र कापरेकरांची खरी शिकवण त्यापुढची आहे: जे सापडेल ते त्यांनी लहान लेखांतून, कधी स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून बाहेर काढले. विद्वानांची दाद बरीच उशिरा आली. मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले ते १९७५ साली.

या भाषणात हमखास होणारी चूक म्हणजे ‘आता मला वेळच वेळ आहे’ हे वाक्य. ऐकणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला त्यातून एवढेच कळते की आपणही निवृत्तीपर्यंत थांबावे. वास्तविक नोकरी वेळ घेते, पण त्या बदल्यात जे देते ते निवृत्तीनंतर मिळत नाही: दौरे, बदल्या, गावोगावची माणसे. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. पक्ष्यांची आणि प्राण्यांची आदिवासी नावे त्यांना जंगलातल्या नेमणुकांवर असताना मिळाली. पुढच्या कोशांमागे त्या दिवसांची पुंजी होती. तेव्हा सामग्री नोकरीत असतानाच गोळा करा, हा सल्ला ‘वेळ काढा’ यापेक्षा उपयोगाचा आहे.

नियमांचाही एक प्रश्न श्रोत्यांच्या मनात असतोच. राज्याच्या वर्तणूक नियमांनुसार शासकीय कामात बाधा येत नसेल, तर प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय काम पूर्वपरवानगीशिवाय करता येते. खासगी धंद्याला किंवा दुसऱ्या नोकरीला ती सवलत नाही, आणि कचेरीतली कागदपत्रे स्वतःच्या पुस्तकासाठी वापरता येत नाहीत. वक्त्याने हे दोन वाक्यांत सांगून टाकले, तर ‘साहेबांना विचारावे लागेल’ ही सबब उरत नाही. पेटी वाजवणारा किंवा बागेत रमणारा प्रत्येक जण मात्र प्रकल्पाच्या मागे लागलाच पाहिजे असे नाही, हेही तिथेच सांगावे. काही आवडी हिशेबाबाहेरच राहिलेल्या बऱ्या.

भाषण लागू पडले की नाही हे टाळ्यांवरून ओळखता येत नाही. समारंभानंतर कुणी ‘छान बोललात’ म्हटले, तर तो शिष्टाचार झाला. कुणी ‘वहीत रकाने कोणते करू?’ किंवा ‘शिलालेख कुणाकडून वाचून घ्यावा?’ असे विचारले, तर काम सुरू झालेले असते. बारवांची वही स्वतःची असून अपुरी राहिली असेल, तर निवृत्त होणाऱ्याने ती त्याच संध्याकाळी अशा माणसाकडे सोपवावी. कोणती पाच गावे राहिली आहेत, ते पहिल्या पानावर लिहून.