एक मुक्काम, चार वाटा

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला गेलो होतो. दर्शनाची रांग, पार्किंगवरून हुज्जत, जेवायला टेबल मिळेपर्यंत ताटकळणं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं दार लावून नुसता पडून राहिलो. समुद्रासाठी आलो होतो आणि समुद्रापर्यंत जायचं त्राण उरलं नव्हतं.

आता त्याच जिल्ह्यात जातो, पण रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावस-गणेशगुळे-पूर्णगडच्या पट्ट्यात. रविवारी दुपारी पोहोचायचं, गुरुवारी निघायचं. मुक्काम एकच. दर नव्या मुक्कामाला नवी ओळख, नव्या चौकशा, तीच उत्तरं. अंतर्मुख माणसाची निम्मी शक्ती त्यातच जाते. चार दिवस एका घरात राहिलं, की दुसऱ्या सकाळपासून कुणी काही विचारत नाही, चहा आपसूक येतो.

वैविध्य मात्र भरपूर मिळतं. एक दिवस गणेशगुळ्याचा किनारा. एक दिवस मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूर्णगड. किल्ला लहान, तासाभरात पाहून होतो, मग तटावर बसून खाली नदी समुद्राला मिळताना बघायची. पूल ओलांडून गावखडीमार्गे पुढे गेलं, की कशेळी. तिथं कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं जुनं देऊळ आहे आणि जवळच्या सड्यावर कातळशिल्पं. जांभ्यात कोरलेला हत्ती इतका मोठा, की पायाशी उभं राहिल्यावर नुसत्या रेषा दिसतात. हळूहळू कडेनं चालत गेल्यावर पाठ, सोंड जुळत जाते आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी दिसू लागतात. पावसाळ्यात गवत आणि पाणी रेषा झाकतं, म्हणून जावं ते गवत वाळल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात. भर दुपारी खाचांत सावलीच नसते, शिल्प सपाट वाटतं.

दोन दिवस फिरलं की मधला एक दिवस मी कोरा ठेवतो. तो आधीच ठरवलेला असावा. थकल्यावर ठरवला, तर सुट्टी वाया गेल्यासारखं वाटतं.

खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. एकूण खोल्या किती? जेवण एका पंगतीत की हवं तेव्हा? खोलीला बाहेरून स्वतंत्र दार आहे का? तिसरा प्रश्न मी एकदा विसरलो. रोज यजमानांच्या माजघरातून जा-ये, आणि प्रेमळ माणसं, प्रत्येक वेळी बसवून घ्यायची. चार दिवस माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

गर्दीचंही वेळापत्रक असतं. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतात, मेमध्ये शाळांना सुट्टी, शनिवार-रविवारी पावसला भाविक. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले मधले वार, नाताळ सोडून, बरेच मोकळे. अडचण वाहनाची: आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्याच. स्वतःची गाडी नसेल, तर गावातल्या एकाच रिक्षावाल्याशी चारही दिवसांचं ठरवून टाकावं. दुसऱ्या दिवसापासून तोही गप्प बसून रिक्षा चालवतो.